रात्रीचं डायपर सोडवताना लेकीची झोप मोडतेय : अकराला आणि तीनला शूला उठवायचं की नाही?

मुग्धा_कोथरूड | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. लेक तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. दिवसाचं डायपर दिवाळीच्या आधीच सुटलं. पाळणाघरातही ती स्वतः सांगून जाते. जानेवारीत घरातल्या सगळ्यांच्या मते रात्रीचंही सोडवायची वेळ झाली, म्हणून डायपर काढलं आणि तिला रात्री अकराला आणि पहाटे तीनला उठवून शूला न्यायला लागलो.

अंथरूण बहुतेक वेळा कोरडं राहतं, पण झोपेचं पार वाटोळं झालंय. अकराला उचललं की ती डोळे न उघडता किंचाळते, लाथा मारते, मला ओळखतसुद्धा नाही. तीनला उलट टक्क जागी होते आणि 'आता खेळूया' म्हणते. परत झोपायला तास जातो. सकाळी पाळणाघरात जेवता जेवता डुलक्या घेते. सासूबाई म्हणतात, थोडे दिवस चालवून घ्या, सवय लागेल. नवरा म्हणतो, परत डायपर लावू. डायपर परत लावलं तर इतके दिवसांचं सगळं पाण्यात जाईल का? आणि असं उठवल्याने सवय खरंच लागते का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

शैलामावशी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मुग्धा, आमच्या वेळी डायपर नव्हतेच. लंगोट, दुपटी आणि खाली मेणकापड. मी माझ्या तिघांना रात्री उठवून न्यायची आणि तिघंही चौथ्या वर्षापर्यंत कोरडे झाले. थंडीत काळे तीळ आणि गुळाचा लाडू रोज एक द्यायचा, त्यानेही फरक पडतो. डायपरमध्ये मुलाला ओलं कळतच नाही, मग शरीर शिकणार कसं? माझं मत, सोडू नकोस. आता थंडीही ओसरतेय.

अनुजा_दोन_मुलगे | १० फेब्रुवारी, सकाळी ९:०२

संध्याकाळी सहानंतर पाणी, दूध, सूप सगळं बंद. थेंबसुद्धा नाही. आमच्याकडे मोठ्याचं असंच सुटलं. आत काही गेलंच नाही तर बाहेर येणार कुठून?

केतकी_बाणेर | १० फेब्रुवारी, सकाळी १०:२६

आम्हीही साडेदहाला उचलून न्यायचो. मुलगा झोपेतच शू करायचा, झोपेतच परत खांद्यावर. कधी रडला नाही. चार-पाच आठवड्यांत आपोआप सुटलं. त्यामुळे उठवणं वाईटच असं मी म्हणणार नाही. तुझ्या लेकीला ते सोसत नाहीये एवढं मात्र दिसतंय.

रोहित_हडपसर | १० फेब्रुवारी, दुपारी १:४०

आमचाही हाच प्रश्न आहे. मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षं पूर्ण कोरडा होता, आता गणपतीपासून परत आठवड्यातून तीन-चार वेळा गादी ओली. माझी रात्रपाळी असते, बायको एकटी कंटाळून गेलीय. अकराला उठवायचं की बारालाच पुरे? तो झोपतोही फार गाढ आणि घोरतो. कुठली वेळ बरी?

सिस्टर_मंगल | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

बालरोग विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रोहित. तुमचा प्रश्न मुग्धापेक्षा वेगळा आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल परत ओलं करायला लागलं, तर उठवायची वेळ शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी तपासतील, साखर बघतील. तो पाणी खूप पितोय का, वजन उतरलंय का, शू करताना दुखतं का, शाळेत किंवा घरात काही बदललंय का, हे आठवून जा. तहान वाढली असेल आणि वजन उतरत असेल तर उद्यावर टाकू नका. घोरण्याचं आवर्जून सांगा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढल्या की रात्री श्वास अडतो आणि अशा मुलांमध्ये अंथरूण ओलं होण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

आता मुग्धा. लेक साडेनऊला झोपत असेल तर अकरा म्हणजे तिच्या सगळ्यात गाढ झोपेची वेळ. लहान मुलांची गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तीन तासांत एकवटलेली असते. त्यातून उचललं की अंग जागं होतं, मेंदू होत नाही. म्हणून ती किंचाळते आणि तुला ओळखत नाही. सकाळी तिला यातलं काही आठवणारही नाही. पहाटे तीनला झोप मुळातच हलकी असते, त्यात दिवा लागला आणि फरशीचा गारवा पायाला लागला की ती पूर्ण जागी होते. म्हणजे एकदा गाढ झोप तुटते आणि एकदा हलकी, दोन्हीचं नुकसान होतं. या वयाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप लागते. ती जेवताना डुलक्या घेतेय, म्हणजे तेवढी मिळत नाहीये.

सवय लागते का? रात्री कोरडं राहायला दोनपैकी एक गोष्ट व्हावी लागते. एकतर झोपेत लघवी कमी तयार व्हायला हवी, म्हणजे ती सकाळपर्यंत पिशवीत मावते. त्यासाठी मेंदूतून रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटावं लागतं. नाहीतर पिशवी भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचून मुलाला स्वतःहून जाग यायला हवी. तू अकराला उचलतेस तेव्हा यातलं काहीच घडत नाही. पिशवी तू रिकामी करतेस आणि घड्याळ तू पाळतेस. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० साली यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यातही हेच आहे : ठरावीक वेळी उठवण्याने किंवा उचलून नेण्याने कायमचा कोरडेपणा येत नाही. प्रवासात किंवा पाहुण्यांकडे एखाद्या रात्रीपुरती सोय म्हणून करायला हरकत नाही.

एक काम कर. काही दिवस उठवणं बंद, डायपर परत लाव आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळी डायपर तोल. कोरड्या डायपरचं वजन वजा कर. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली लघवी. वॉर्डात आम्ही असंच मोजतो. तीन वर्षांच्या मुलाच्या पिशवीत साधारण १२० ते १५० मिली मावतं. वयात दोन मिळवून तीसने गुणायचं, हा ढोबळ हिशेब. सोबत हेही लिही : झोपताना काय पिते, किती वाजता, आणि शी रोज होते का, कशी होते.

चिन्मयी_सिंहगडरोड | १० फेब्रुवारी, रात्री १०:११

सिस्टर, वजनाची युक्ती भारी आहे. मुग्धा, त्यात एक भर घाल. आमचा मुलगा सकाळी सातला उठायचा तेव्हा डायपर ओलं, म्हणून आम्ही समजत होतो की रात्रभर होतेय. एकदा पहाटे साडेपाचला हात लावून पाहिलं तर खणखणीत कोरडं! तो जागा झाल्यावर लोळत लोळत डायपरमध्ये करत होता. त्याला रात्रीचं प्रशिक्षण लागलंच नाही. पॉटी पलंगाजवळ आणून ठेवली आणि हालचाल दिसली की लगेच बसवला, एवढ्यावर सुटलं. तेव्हा एकदा पहाटे बघ. सकाळचं डायपर हाताला कोमट लागलं तर शू नुकतीच झालेली असते.

अनुजा_दोन_मुलगे | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

सिस्टर, पाण्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझं चूक आहे का?

सिस्टर_मंगल | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

अनुजा, अर्धं बरोबर आहे. झोपायच्या आधीच्या तास-दीड तासात पोटात काय जातं त्याने नक्की फरक पडतो. पण सहानंतर थेंबही नाही, हे पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये मुलाला सोसायचं नाही. मूल तहानलेलं राहतं, शी घट्ट होते, आणि घट्ट शीने उलटाच त्रास होतो. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो भरलेला राहिला की पिशवीवर दाब येतो आणि तिच्यात कमी मावतं. म्हणून पाणी तोडायचं नाही, सरकवायचं. सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत भरपूर, जेवताना हवं तेवढं, नंतर तहान लागली तर दोन घोट. संध्याकाळचं चहा-बिस्किट मात्र थांबवा. बऱ्याच घरांत आजीच्या बशीतून मुलं चहा पितात. फरसाण, वेफर्सही संध्याकाळी नकोत. मिठाने तहान वाढते आणि ते मीठ बाहेर टाकायला लघवीही जास्त होते.

मावशी, तिळाचा लाडू खुशाल द्या. अंगाला चांगलाच आहे आणि पोट साफ राहायला मदत होत असेल तर तेवढा फायदा. पण तो अंथरूण ओलं करायचं थांबवतो असं मी सांगणार नाही.

शैलामावशी | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०५

बशीतला चहा आमच्याकडेही असतो, खरं आहे. पण डायपरचं माझं म्हणणं तू टाळलंस मंगल. ओलं कळल्याशिवाय मूल जागं कसं होणार?

सिस्टर_मंगल | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१२

टाळलं नाही मावशी. ज्या मुलाचं शरीर तयार झालंय, त्याला डायपर काढल्यावर ओलं लागून जाग येते आणि काही दिवसांत फरक दिसतो. असे पालक मला भेटलेत. जे तयार नाही ते ओल्यातच सकाळपर्यंत झोपतं, असेही भेटलेत. आधी ओळखायचं कसं, तर सकाळच्या डायपरवरून. याहून पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

केतकी_बाणेर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

म्हणजे आमचा मुलगा उचलून नेल्यामुळे नव्हे, तयार होता म्हणून सुटला?

सिस्टर_मंगल | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०४

तसं असू शकेल. तो झोपमोड न होता परत झोपत होता, त्यामुळे तुमचं नुकसानही काही झालं नाही. मूल दोन-तीन मिनिटांत परत झोपत असेल आणि आईबापांना तेवढीच रात्र सुखाची जात असेल तर मी कुणाला थांबवत नाही. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. रडत असेल किंवा परत झोपायला वेळ लागत असेल तर बंद करायचं.

पराग_वडगाव | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

थोडं अवांतर. गादी वाचवण्यासाठी खाली नेमकं काय घालता? आमची फोमची मॅट्रेस एकदा ओली झाली आणि वास अजून जात नाही. गच्चीवर नेऊन वाळवायलाही लिफ्टमध्ये मावत नाही.

चिन्मयी_सिंहगडरोड | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

फोमच्या मॅट्रेसला पाणी न झिरपणारं, चारी बाजूंनी इलॅस्टिक असलेलं कव्हर घे. त्यावर दुहेरी अंथरूण घाल : रबरशीट, चादर, परत रबरशीट, परत चादर. रात्री ओलं झालं की वरची चादर आणि वरची रबरशीट ओढून काढायची, खाली कोरडं तयारच असतं. अंधारातही जमतं, पूर्ण पलंग बदलावा लागत नाही आणि मूल फार जागं होत नाही. पायाशी एक पायजमा आणि पंचा ठेवायचा. रबरशीट सर्जिकल दुकानात मीटरवर कापून मिळते.

आणि पराग, जून ते सप्टेंबर हे उद्योग सुरूच करू नकोस. चादरी दोन दोन दिवस वाळत नाहीत, सगळं घर कुबट होतं. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, ओल्या कपड्यांत मूल काकडतं.

पराग_वडगाव | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

दुहेरी अंथरुणाबद्दल मनापासून धन्यवाद. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मुग्धा_कोथरूड | २२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. सिस्टर, सांगितलं तसं केलं. उठवणं बंद केल्यावर दुसऱ्याच रात्रीपासून किंचाळणं थांबलं. आता साडेनऊ ते पावणेसात सलग झोपते आणि पाळणाघरातून ताई म्हणाल्या की जेवताना डुलक्या बंद झाल्या.

आता आकडे. कोरडं डायपर ३५ ग्रॅम. सकाळी ३०० ते ३३० ग्रॅम भरत होतं, म्हणजे पावणेतीनशे मिलीच्या आसपास. दीडशेच्या पिशवीत हे मावणारच नव्हतं! मग तिची संध्याकाळ लिहून काढली. सहाला आजीबरोबर अर्धा कप चहा, साडेआठला जेवण, सव्वानऊला झोपताना बाटलीतून २०० मिली दूध, आणि गोष्ट ऐकताना वर पाणी. शी तीन दिवसांनी एकदा, खड्यासारखी. ती इतकी लहानपणापासून तशीच होती की तो त्रास आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

चिन्मयी, पहाटे साडेपाचला पाहिलं. ओलंच असतं, आमचं ते प्रकरण नाही.

बदल असे केले. दूध साडेसातला, जेवणाच्या आधी, कपातून. बाटलीसाठी चार रात्री रडली, मग दुधाऐवजी एक जादा गोष्ट यावर तडजोड झाली. चहा बंद, आणि हे सासूबाईंनी स्वतःहून केलं. सकाळी भिजवलेल्या मनुका, दुपारी पपई, आणि शीला बसताना पायाखाली पाट, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. झोपताना दोनदा शू : एकदा दात घासताना आणि एकदा गोष्ट संपल्यावर, दिवा मालवायच्या आधी. दुसऱ्या वेळी 'येत नाही' म्हणते, पण बसवलं की थोडी होतेच.

आता डायपर २०० ते २२० ग्रॅम भरतं. शी एक दिवसाआड होतेय. अजून एकही सकाळ कोरडी नाही. आता काढू का डायपर?

अनुजा_दोन_मुलगे | २२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

अगं केवढा फरक! काढ आता, उत्साहात आहेस तोवर.

सिस्टर_मंगल | २३ फेब्रुवारी, दुपारी २:४८

मुग्धा, आत्ता नको. २१० मधून ३५ गेले की पावणेदोनशे मिली. पिशवीच्या मापाहून अजून जास्तच आहे. म्हणजे प्यायलेलं सरकवून जेवढं कमी होणार होतं ते झालं, उरलेलं संप्रेरकाचं काम आहे आणि ते तिच्या वयाबरोबर होईल. त्याला आपण घाई करू शकत नाही. पोट अजून मऊ कर. शी रोज, न कुंथता व्हायला हवी. महिनाभर घरच्या उपायांनी जमलं नाही तर डॉक्टरांना विचार, जुना बद्धकोष्ठ असला की औषध काही महिने द्यावं लागतं.

काढायचं कधी, तर पंधरा दिवसांतल्या बहुतेक सकाळी डायपर कोरडं किंवा जेमतेम दमट निघालं की. किंवा ती स्वतः रात्री उठून 'शू आली' म्हणाली की. तेव्हा दुहेरी अंथरूण घाल, मंद दिवा ठेव, पॉटी पलंगापासून दोन पावलांवर ठेव. सहज खाली ओढता येईल असा पायजमा घाल, नाडीचा नको. रात्री ओलं झालं तर बदलून झोपवायचं, रागवायचं नाही आणि समजावतही बसायचं नाही. आठवडा-दोन आठवडे रोजच ओलं होत राहिलं तर परत डायपर आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. डायपर परत लावल्याने दिवसाचं शिकलेलं जात नाही, ते वेगळं आहे. तिला 'झोपेची चड्डी' म्हणून दे, 'बाळाचं डायपर' म्हणू नकोस.

आणि घरात कुणाला लहानपणी उशिरापर्यंत होत होतं का, ते विचारून घे. हे घराण्यात चालतं.

मुग्धा_कोथरूड | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१७

सासूबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'तुझा नवरा दुसरीत जाईपर्यंत.' नवऱ्याला हे माहीतच नव्हतं! आता तो लेकीला रोज सांगतो की बाबाचीही झोपेची चड्डी होती. ती खूश आहे.

सिस्टर_मंगल | २३ फेब्रुवारी, रात्री १०:३१

मग धीर धर. एका पालकाला असेल तर जवळजवळ निम्म्या मुलांना होतं. पाच वर्षांपर्यंत याला आजार म्हणत नाहीत, पाचव्या वर्षीही साधारण सातातल्या एका मुलाचं अंथरूण ओलं होतं. ओलं झालं की वाजणारा अलार्म किंवा गोळ्या हा विचार त्यानंतरचा, आत्ता तिच्यासाठी नाही.

शैलामावशी | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मला अजून वाटतं की कापडी लंगोटाने लवकर सुटतं. पण लेकरू झोपतंय ना, मग झालं. पपईबरोबर ज्वारीची भाकरीही दे, पोटाला बरी.

रोहित_हडपसर | ३ मार्च, दुपारी १२:५०

सिस्टर, दाखवून आलो. लघवी आणि साखर नॉर्मल. घशाच्या मागे अ‍ॅडिनॉइड मोठे निघाले, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलंय. त्यांनी झोपेत घोरतानाचा व्हिडिओ काढून आणायला सांगितलाय. बायकोने काल काढला. त्यात श्वास मध्येच काही सेकंद थांबलेला स्पष्ट दिसतो. तोवर त्याला उठवायचं की नाही?

सिस्टर_मंगल | ३ मार्च, रात्री ९:०८

नको. त्याची झोप आधीच रात्रभर तुटतेय. दुहेरी अंथरूण घाला, सात वर्षांचा आहे तर ओली चादर बादलीत टाकायचं काम त्याला करू द्या, पण शिक्षा म्हणून नाही. व्हिडिओत श्वास थांबलाय हे दवाखान्यात फोन करून आजच सांगा, तारीख अलीकडची मिळेल.